बिल २६,५०० चं, कापले १,०९० रुपये : सोसायटीच्या कंत्राटदारांचा टीडीएस नेमका मोजतात कसा?

ऑगस्ट महिन्याचा शेवट. सोसायटीच्या ऑफिसात प्लंबर चेक घ्यायला येतो. त्याचं बिल आहे २६,५०० रुपयांचं आणि हातात चेक पडतो २५,४१० चा. तो विचारतो, "साहेब, एक टक्का म्हणजे दोनशे पासष्ट होतात. तुम्ही हजारावर कसे कापले? आणि आधीच्या चार बिलांत तर एक रुपयासुद्धा कापला नव्हता."

खजिनदाराला उत्तर देता येत नाही, कारण आकडा सोसायटीच्या हिशेबनीसाच्या शीटमधून आलाय. प्लंबरला वाटतं आपल्याला लुबाडलं. प्रत्यक्षात १,०९० हा आकडा बरोबर आहे. २६५ कापले असते तर तेच चुकलं असतं आणि उरलेला कर, व्याजासकट, सोसायटीच्या गळ्यात पडला असता.

प्रसंग उदाहरणासाठी घेतलाय, पण हा वाद काल्पनिक नाही. छोट्या कंत्राटदारांच्या बिलांवर तो सतत होतो आणि त्याचं मूळ एकाच गोष्टीत असतं. टीडीएसची मर्यादा ही फक्त एका बिलाची नसते, ती पूर्ण वर्षाचीही असते.

सोसायटीला टीडीएस कापावाच लागतो का?

हो. कंत्राटदाराला पैसे देताना कर कोणी कापायचा याची यादी कायद्यातच दिलेली आहे. त्यात कंपनी, भागीदारी संस्था, ट्रस्ट यांच्याबरोबर सहकारी संस्थाही आहे आणि आपल्याकडची नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटी ही सहकारी संस्थाच असते. "आम्ही कुठे धंदा करतो?" हे उत्तर इथे चालत नाही. तुम्ही स्वतःच्या फ्लॅटला रंग काढून घेत असाल तर या नियमाशी तुमचा संबंध नाही. सोसायटीने जिन्याला रंग काढला तर मात्र आहे.

हा नियम वर्षानुवर्षं 'कलम १९४सी' म्हणून ओळखला जायचा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि टीडीएसची बहुतेक कलमं एकाच कलम ३९३ मधल्या तक्त्यांत गेली. त्यामुळे जुन्या शीटवरचं 'कलम १९४सी' हे शीर्षक आता बदलायला हवं. आकडे मात्र तेच राहिलेत. एका वेळची रक्कम ३०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल किंवा वर्षभराची बेरीज १ लाखाच्या वर जात असेल, तर कर कापायचा. कंत्राटदार व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर १ टक्का, बाकी सगळ्यांना २ टक्के.

३०,००० ची मर्यादा जुलै २०१० पासून आणि १ लाखाची जून २०१६ पासून तशीच आहे. मधल्या काळात मजुरी कुठल्या कुठे गेली. त्यामुळे पूर्वी जे छोटे कारागीर या जाळ्याबाहेर राहायचे, ते आता दिवाळीच्या आतच लाखाच्या पुढे जातात.

प्लंबरचे १,०९० कुठून आले?

प्लंबरची बिलं बघू. एप्रिलमध्ये १४,०००, मेमध्ये २२,०००, जूनमध्ये २७,५००, जुलैमध्ये १९,०००. यातलं एकही बिल ३०,००० च्या वर नाही. जुलैअखेर बेरीज होते ८२,५००, म्हणजे लाखाच्या आत. वर्षभरात किती काम निघेल हेही कोणाला माहीत नव्हतं, कारण पाइप फुटायचा तेव्हा फुटतो. म्हणून चारही वेळा काही कापलं नाही आणि ते बरोबरच होतं.

ऑगस्टचं बिल आलं २६,५०० चं आणि बेरीज झाली १,०९,०००. इथेच बहुतेक लोक फसतात. काहींना वाटतं, लाखाच्या वरच्या ९,००० वर कर. काहींना वाटतं, या बिलापासून पुढे कर, म्हणजे प्लंबरचे २६५. खरं म्हणजे ती मर्यादा करमाफीची नाहीच. ती फक्त दाराची चौकट आहे. एकदा ओलांडली की वर्षाच्या पहिल्या रुपयापासून सगळ्या रकमेवर कर लागतो. १,०९,००० चा १ टक्का म्हणजे १,०९०. आधी काहीच कापलं नव्हतं, म्हणून सगळे १,०९० ऑगस्टच्या बिलातून गेले. सप्टेंबरमध्ये ८,००० चं बिल आलं तर त्यातून सरळ ८० रुपये जातील. मागचं काही बाकी उरलेलं नाही.

इथे अजून एक बारकावा आहे. सोसायटीच्या माळीबुवांना महिन्याला ९,००० मिळतात आणि करार बारा महिन्यांचा आहे. वर्षाचे होतात १,०८,०००. बेरीज प्रत्यक्ष लाख ओलांडेल ती थेट मार्चमध्ये. मग तोपर्यंत थांबायचं का? नाही. १९४सी च्या भाषेत दिलेली रक्कमच नव्हे, तर वर्षभरात दिली जाण्याची शक्यता असलेली रक्कमही मोजायची होती. करारच १,०८,००० चा असेल तर ती शक्यता एप्रिलमध्येच कागदावर दिसते. म्हणून माळीबुवांचे दर महिन्याला ९० रुपये पहिल्या महिन्यापासून कापायचे. त्यांच्या दृष्टीनेही हेच सोपं, नाहीतर मार्चच्या ९,००० मधून एकदम १,०८० जातील.

ऑगस्टची शीट

आता पूर्ण महिना मांडू. सोसायटीचे ऑगस्टमध्ये चार कंत्राटदार आहेत. प्लंबर आणि माळीबुवा झाले. तिसरी, वॉचमन आणि साफसफाईची माणसं पुरवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. तिचं बिल ८५,००० अधिक १८ टक्के जीएसटी १५,३००. चौथा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारा कंत्राटदार. त्याचं बिल २,४०,००० चं, जीएसटी नाही, आणि करारानुसार १० टक्के रक्कम पावसाळा पार पडेपर्यंत सोसायटी राखून ठेवणार आहे.

| कंत्राटदार | मूळ रक्कम | जीएसटी | दर | टीडीएस | राखीव | हातात देय |
|---|---|---|---|---|---|---|
| वॉचमन एजन्सी | ८५,००० | १५,३०० | २% | १,७०० | – | ९८,६०० |
| प्लंबर | २६,५०० | – | १% | १,०९० | – | २५,४१० |
| वॉटरप्रूफिंग | २,४०,००० | – | १% | २,४०० | २४,००० | २,१३,६०० |
| माळी | ९,००० | – | १% | ९० | – | ८,९१० |
| एकूण | ३,६०,५०० | १५,३०० | | ५,२८० | २४,००० | ३,४६,५२० |

एजन्सीच्या ओळीत कर १,००,३०० वर नाही, ८५,००० वर लावलाय. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस त्याशिवायच्या रकमेवर लावायचा, हे प्रत्यक्ष कर मंडळाने जुलै २०१७ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं होतं. तरीही कित्येक शीटमध्ये एकूण बिलाला २ टक्के लावलेले दिसतात. या उदाहरणात तसं केलं तर २,००६ कापले जातील, म्हणजे दर महिन्याला ३०६ जास्त. एजन्सी वर्षाच्या शेवटी भांडायला येते तेव्हा हा घोळ बाहेर पडतो.

याच एजन्सीबाबत आणखी एक जुना गोंधळ होता. माणसं पुरवणं हे कंत्राट की तांत्रिक, व्यावसायिक सेवा? कंत्राट म्हटलं तर १ किंवा २ टक्के, व्यावसायिक सेवा म्हटलं तर १० टक्के. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात यावर उत्तर आलं. मनुष्यबळ पुरवठा हा कंत्राटदारांच्या देण्यांतच मोजायचा आणि दर १ किंवा २ टक्केच, असं अर्थमंत्र्यांनी भाषणात स्पष्ट केलं. सोसायट्यांसाठी त्या अर्थसंकल्पातली ही बहुधा सर्वात उपयोगी ओळ होती, टीव्हीवर तिची फारशी चर्चा झाली नाही इतकंच.

वॉटरप्रूफिंगवाल्याच्या ओळीत २४,००० राखून ठेवलेत, मग कर २,१६,००० वर का नाही? कारण टीडीएस पैसे देताना किंवा कंत्राटदाराच्या खात्यात रक्कम जमा दाखवताना, यातलं जे आधी घडेल तेव्हा कापायचा असतो. सोसायटीने वहीत २,४०,००० चं पूर्ण बिल नोंदवलं, त्याच क्षणी पूर्ण रकमेवर कर लागला. पुढे २४,००० सोडताना परत काही कापायचं नाही. ते दुसऱ्यांदा कापणं ही कंत्राटदारांची नेहमीची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. त्याला जुलैमध्ये आगाऊ रक्कम दिली असती तर हाच नियम उलट्या बाजूने लागू झाला असता. बिल यायच्या आधीच, आगाऊ रकमेवर जुलैमध्ये कर कापावा लागला असता.

एक नाही, दोन बेरजा

शीटच्या तळाला महिन्याच्या दोन देणी आहेत. ३,४६,५२० कंत्राटदारांना आणि ५,२८० सरकारला. हे ५,२८० सोसायटीचे नाहीत. सोसायटीने ते कंत्राटदारांच्या वतीने हातात धरलेत आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, म्हणजे ७ सप्टेंबरपर्यंत चलनाने भरायचेत. फक्त मार्च महिन्याचा कर भरायला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते.

एक दिवस उशीर झाला तर? कापलेला कर उशिरा भरला की महिन्याला दीड टक्का व्याज लागतं आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो. ऑगस्टमध्ये कापून ८ सप्टेंबरला भरलं तर विभागाची संगणक प्रणाली ऑगस्ट आणि सप्टेंबर असे दोन महिने मोजते. ५,२८० वर ३ टक्के, म्हणजे सुमारे १५८ रुपये. रक्कम छोटी आहे, पण एका दिवसासाठी आहे. कापायलाच विसरलात तर कापायला हवा होता त्या दिवसापासून महिन्याला १ टक्का. शिवाय तिमाही विवरणपत्र उशिरा दिलं तर दिवसाला २०० रुपये शुल्क, जास्तीत जास्त त्या विवरणपत्रातल्या टीडीएसइतकं. जुलै ते सप्टेंबर तिमाहीसाठी ती तारीख असते ३१ ऑक्टोबर.

बेरीज बरोबर आहे हे ओळखायचं कसं? महिन्याची मूळ रक्कम गुणिले दर, असा ताळा घेऊन बघा. एजन्सीचे १,७०० आणि बाकी तिघांच्या २,७५,५०० वर १ टक्का, म्हणजे २,७५५. एकूण ४,४५५. शीट मात्र ५,२८० सांगते. फरक ८२५ चा. हा फरक म्हणजे प्लंबरच्या मागच्या चार महिन्यांच्या ८२,५०० वरचा १ टक्का. कोणीतरी या महिन्यात लाखाची चौकट ओलांडली, याची ती खूण आहे. असा फरक असेल आणि त्याचं कारण एका नावावर बोट ठेवून सांगता येत असेल, तर शीट नीट चाललीये. वर्षभरात एकदाही असा फरक आला नाही आणि तुमच्याकडे सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशी छोटी बिलं भरपूर आहेत, तर संशय घ्या. बहुधा ती शीट फक्त 'बिल ३०,००० च्या वर आहे का?' एवढंच विचारतेय. आपल्या उदाहरणात तशा शीटने ४,१०० कापले असते, १,१८० कमी.

शीटने लक्षात काय ठेवायचं?

म्हणजे शीटला स्मरणशक्ती हवी. आत्ताचं बिल बघून भागत नाही. त्याच कंत्राटदाराची एप्रिलपासूनची बेरीज आणि आतापर्यंत कापलेला कर, दोन्ही समोर हवेत. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये हे दोन सूत्रांत होतं. B रकान्यात पॅन, C मध्ये जीएसटीशिवायची रक्कम, D मध्ये दर, E मध्ये वार्षिक करार लाखाच्या वरचा असेल तर Y, F मध्ये चालू बेरीज आणि G मध्ये टीडीएस.

```
F2: =SUMIFS(C$2:C2,B$2:B2,B2)
G2: =ROUND(IF(OR(F2>100000,E2="Y"),
    F2*D2-SUMIFS(G$1:G1,B$1:B1,B2),
    IF(C2>30000,C2*D2,0)),0)
```

दुसरं सूत्र साध्या मराठीत असं : लाखाची चौकट ओलांडली असेल तर वर्षाच्या पूर्ण बेरजेवरचा कर काढ, त्यातून आधी कापलेला वजा कर, उरलेला आज काप. चौकट ओलांडली नसेल पण हे बिल ३०,००० च्या वर असेल तर फक्त या बिलावर काप. नाहीतर शून्य. दोन्ही ठिकाणी 'पेक्षा जास्त' आहे हे लक्षात घ्या. बरोबर ३०,००० च्या एकट्या बिलावर काही कापायचं नाही.

B रकान्यात नाव न टाकता पॅन टाकलाय तो मुद्दाम. एकाच माणसाचं नाव एकदा 'शिंदे प्लंबिंग' आणि एकदा 'शिंदे प्लंबर' असं लिहिलं की शीटला ते दोघे वाटतात. दोघांची बेरीज लाखाच्या आत राहते आणि कर कापलाच जात नाही. पॅन मात्र एकच असतो.

पॅनवरून दरही कळतो. त्याचं चौथं अक्षर P असेल तर ती व्यक्ती, H असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब, म्हणजे १ टक्का. C म्हणजे कंपनी, F म्हणजे भागीदारी संस्था, त्यांना २ टक्के. आपल्याकडे लेटरहेडवर 'अमुक एंटरप्रायझेस' असं छापलेलं असतं आणि मागे एकटा माणूस असतो. लेटरहेड बघून २ टक्के कापू नका, चौथं अक्षर बघा.

आणि पॅनच नसेल तर?

इथे मात्र खरंच पोटावर पाय येतो. कंत्राटदाराने पॅन दिला नाही तर दर १ टक्का राहत नाही, २० टक्के होतो. आधारशी न जोडल्यामुळे पॅन निष्क्रिय झाला असेल तरी सर्वसाधारणपणे तोच दर. आपल्या प्लंबरचा पॅन नसता तर ऑगस्टमध्ये १,०९,००० वर २० टक्के, म्हणजे २१,८०० कापावे लागले असते. २६,५०० च्या बिलापैकी त्याच्या हातात ४,७०० पडले असते. त्यातून त्याच्या पोरांची मजुरीसुद्धा सुटणार नाही.

म्हणून पॅन मागायची वेळ पहिल्या बिलाची, लाख ओलांडण्याची नाही. पॅन चालू आहे की निष्क्रिय, हेही तेव्हाच तपासायचं. अनेक खजिनदार "छोटं काम आहे, राहू दे" म्हणतात आणि ऑगस्टमध्ये दोघेही अडकतात. प्लंबर म्हणतो पूर्ण पैसे द्या, कायदा म्हणतो २० टक्के कापा. मग पूर्ण पैसे दिले जातात आणि नोटीस आल्यावर तो खर्च सभासदांच्या मेंटेनन्समधून जातो.

पॅन बरोबर दिला असेल तर कापलेले १,०९० प्लंबरचेच राहतात. सोसायटीने विवरणपत्र भरलं की ते त्याच्या पॅनवर आयकर पोर्टलवर दिसतात. त्याचं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात. अट एकच, सोसायटीने पॅनचा आकडा चुकवलेला नसावा. एक अक्षर चुकलं तर पैसे सरकारकडे पोहोचतात पण प्लंबरच्या नावावर दिसत नाहीत. सोसायटीला विवरणपत्र दुरुस्त करून द्यावं लागतं. म्हणून तिमाही झाली की प्लंबरने एकदा मुलाच्या मोबाइलवर पोर्टल उघडून आपली नोंद बघावी आणि दिसत नसेल तर ऑफिसात येऊन सांगावं.

१ एप्रिलला F रकाना परत शून्यावर येतो. जुनी शीट कॉपी करून पुढे चालवणाऱ्यांकडून हे हमखास राहून जातं आणि मग प्लंबरच्या एप्रिलच्या पहिल्याच १०,००० च्या बिलातून विनाकारण १०० रुपये जातात. मार्चमध्ये वहीत नोंदवलेलं बिल मात्र पैसे एप्रिलमध्ये दिले तरी मागच्याच वर्षात मोजायचं. ते नव्या शीटमध्ये आणायचं नाही. माळीबुवांच्या ओळीतला Y करार नवा झाला की पुन्हा टाकायचा. प्लंबरच्या ओळीत तो टाकायचा की नाही, हे मागच्या वर्षीची बिलं काढून, गळक्या पाइपांकडे बघून, कमिटीने ठरवायचं.